नफ्याचा वाटा ४० टक्के, मग नवे शेअर किती?

प्रश्न: बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत आमची छोटे वितरण ट्रान्सफॉर्मर बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. माझ्याकडे ८० टक्के शेअर, धाकट्या भावाकडे २०. मावसभावाची बडोद्याजवळच्या सावली गावात ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवणारी कंपनी आहे, ती आमच्यात विलीन करायची आहे. रोख काही नाही, शेअरवर शेअर. गेल्या वर्षी करोत्तर नफा आमचा ४.५० कोटी, त्यांचा ३ कोटी, म्हणजे त्यांचा वाटा ४० टक्के. शेअर आमचे १० लाख, त्यांचे अडीच लाख. आमचे अकाउंटंट म्हणतात, १० लाखांचे ४० टक्के म्हणजे ४ लाख नवे शेअर द्या. मावसभाऊ म्हणतो, हे कमी आहे. कोण बरोबर? दोन्हीकडचे ताळेबंद सोबत पाठवले आहेत.

उत्तर:

हिशेबापुरता मावसभाऊ बरोबर आहे. पण ज्या ४० टक्क्यांवर तो बोट ठेवतो, तो आकडा ताळेबंद नीट वाचल्यावर टिकत नाही. आधी हिशेब पाहू, मग नफा.

४ लाख नवे शेअर दिले की कंपनीचे एकूण शेअर १४ लाख होतील, आणि १४ लाखांतले ४ लाख म्हणजे २८.५७ टक्के. टक्केवारी काढायची ती विलीनीकरणानंतरच्या एकूण शेअरवर. तुमच्या अकाउंटंटनी ती आधीच्या शेअरवर काढली. ४० टक्के खरोखर द्यायचे असतील, तर तुमचे आजचे १० लाख शेअर हे उरलेले ६० टक्के झाले पाहिजेत. म्हणजे एकूण १६,६६,६६७ आणि नवे ६,६६,६६७. सूत्र म्हणून लक्षात ठेवायचे तर असे:

नवे शेअर = तुमचे शेअर × त्यांच्या नफ्याचा वाटा ÷ तुमच्या नफ्याचा वाटा

हे ६,६६,६६७ शेअर त्यांच्या अडीच लाख शेअरना वाटले की एका शेअरमागे २.६७ येतात, म्हणजे त्यांच्या ३ शेअरना तुमचे ८. हाच स्वॅप रेशो. ताळा दुसऱ्या वाटेनेही जमतो. तुमचा प्रति शेअर नफा ४५ रुपये, त्यांचा १२० रुपये. १२० भागिले ४५ केले की पुन्हा २.६७. नफ्याच्या वाट्यावरून गेलात काय किंवा प्रति शेअर नफ्यावरून गेलात काय, उत्तर एकच येते, कारण दोन्ही वाटांमध्ये एकच गृहीतक आहे: तुमच्या नफ्यातल्या रुपयाला आणि त्यांच्या नफ्यातल्या रुपयाला भाव सारखा. हे गृहीतक लक्षात ठेवा, कर्जाचा विषय आला की त्याच्याकडे परत जायचे आहे.

दर्शनी किमतीचा यात काही संबंध नाही. दोघांचेही शेअर १० रुपयांचे आहेत, पण त्यांचा शेअर १०० रुपयांचा असता तरी नव्या शेअरची एकूण संख्या तीच राहिली असती.

४ लाखांची चूक तुमच्या फायद्याची आहे, म्हणून ती तुम्ही स्वतः मावसभावाला सांगा, आणि लवकर सांगा. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे विलीनीकरणाच्या अशा स्कीमसोबत नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल लागतो आणि हा हिशेब तिथे पहिल्याच तासात उघडा पडतो. तोवर घरात संशय शिरलेला असेल, आणि पुढे ज्या दुरुस्त्या मी सांगणार आहे त्या जवळपास सगळ्या मावसभावाच्या विरुद्ध जातात. त्याने त्या ऐकून घ्याव्यात असे वाटत असेल, तर त्याच्या बाजूची दुरुस्ती आधी तुमच्या तोंडून आलेली बरी.

आता नफा. या पद्धतीत हिशेब पाच ओळींचा असतो, सगळी खेच असते ती नफा कोणता धरायचा यावर. धरायचा तो विलीनीकरणानंतरही दर वर्षी येत राहणारा नफा. छापील नफ्यातून एकदाच आलेली कमाई आणि एकदाच झालेला खर्च दोन्ही काढायचे, आणि जो खर्च खरा आहे पण पुस्तकात दिसत नाही तो घालायचा.

तुमच्या ताळेबंदात ४० लाखांचे एक येणे बुडीत म्हणून काढले आहे. टिपणीत लिहिले आहे की तो ग्राहक दिवाळखोरीत गेला. मागच्या दोन वर्षांत असे काही नाही, म्हणून ते नफ्यात परत मिळवायला हरकत नाही. कर ढोबळ २५ टक्के धरला तर करोत्तर ३० लाख वाढतात आणि तुमचा नफा ४.८० कोटी होतो. मागच्या वर्षांतही लहानमोठी बुडीत येणी निघाली असती, तर मी पूर्ण ४० लाख मिळवले नसते. धंद्यात दर वर्षी थोडे बुडतच असेल, तर तो नेहमीचा खर्च झाला.

त्यांच्याकडे दोन गोष्टी आहेत. ‘इतर उत्पन्न’ या ओळीत ४४ लाख आहेत, एका ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्याबद्दल दिलेली भरपाई. ती पुढच्या वर्षी येणार नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण ती कुठल्याच ओळीत नाही: सावलीची शेड मावसभावाच्या स्वतःच्या नावावर आहे आणि कंपनी भाडे देत नाही. तशी शेड बाहेरून घ्यायची तर महिना ३ लाख लागतील असे मी धरतो. तुम्ही तिथल्या दोन दलालांकडून लेखी भाव मागवा. वर्षाचे ३६ लाख झाले. दोन्ही मिळून ८० लाख, करोत्तर ६० लाख. त्यांचा नफा ३ कोटींवरून २.४० कोटींवर येतो.

भाड्याची ही नोंद कागदापुरती ठेवू नका. विलीनीकरणात कंपनीची मालमत्ता येते, संचालकाच्या नावावरची येत नाही. शेड बाहेरच राहणार आणि उद्या मावसभाऊ भाडे मागू लागला तर तो त्याचा हक्क आहे. म्हणून भाडेकरार स्कीमच्या आधी करा आणि हिशेबात धरलेलेच भाडे त्यात लिहा. हिशेबात ३ लाख वजा करून करारात ५ लाख लिहिले, तर दिलेले शेअर आपोआप महाग पडतात. उलट, त्याने शेड कंपनीच्या नावावर करून दिली तर ३६ लाखांची वजावट जाते आणि वाटा पुन्हा मोजावा लागतो.

आता चित्र असे: ४.८० आणि २.४०, एकूण ७.२० कोटी. त्यांचा वाटा बरोबर एक तृतीयांश. सूत्रात घाला: १० लाख × ३३.३३ ÷ ६६.६७ म्हणजे ५ लाख नवे शेअर, त्यांच्या एका शेअरमागे तुमचे दोन.

रेशो योग्य आहे का हे तपासायची एक खात्रीची परीक्षा आहे. विलीनीकरणाने नफा एका रुपयानेही वाढला नाही असे धरा आणि दोन्हीकडच्या भागधारकाच्या हाती किती नफा येतो ते पाहा. ७.२० कोटी भागिले १५ लाख, म्हणजे प्रति शेअर ४८ रुपये. तुमचा दुरुस्त प्रति शेअर नफा आधीही ४८ होता. त्यांचा ९६ होता. आता एका शेअरचे दोन झाले, ४८ दुणे ९६. कुणाचे काही गेले नाही, कुणाला काही फुकट मिळाले नाही. हीच परीक्षा ३ ला ८ या रेशोला लावा. एकूण शेअर १६,६६,६६७, प्रति शेअर नफा ४३.२० रुपये. तुमचा नफा १० टक्क्यांनी घटला. त्यांच्या जुन्या शेअरमागे २.६७ गुणिले ४३.२०, म्हणजे ११५.२० रुपये, २० टक्क्यांची वाढ. एकत्र खरेदीमुळे किंवा वाहतूक वाचल्यामुळे पुढे जी बचत होईल ती १ ला २ या रेशोने आपोआप दोन तृतीयांश आणि एक तृतीयांश अशी वाटली जाते. तिच्यासाठी वेगळे शेअर मागू देऊ नका आणि तुम्हीही मागू नका.

तुमच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. तुम्ही टाक्या त्यांच्याकडूनच घेता, वर्षाला ८ कोटींच्या. दोन कंपन्यांत आपसात माल जात असेल तर त्याच्या भावातला प्रत्येक रुपया एकीच्या नफ्यातून दुसरीच्या नफ्यात जातो. एकूण ७.२० कोटी तसेच राहतात, वाटा मात्र हलतो. समजा, तीच टाकी ते बाहेरच्यांना तुमच्या भावापेक्षा ३ टक्के कमीने देतात. ८ कोटींवर ३ टक्के म्हणजे २४ लाख, करोत्तर १८ लाख. तेवढे तुमच्याकडे आणले की ४.९८ आणि २.२२ होतात आणि त्यांचा वाटा ३०.८ टक्क्यांवर येतो. १८ लाखांच्या सरकण्याने अडीच टक्के मालकी हलली.

पण ही दुरुस्ती लावण्याआधी उधारी पाहायची. तुमच्या ताळेबंदात त्यांचे देणे सुमारे २ कोटी दिसते. ८ कोटींच्या खरेदीवर हे तीन महिन्यांचे झाले. बाहेरचे ग्राहक हातोहात पैसे देत असतील आणि तुम्ही तीन महिन्यांनी देत असाल, तर वर्षाला १२ टक्के व्याजाने तीन महिन्यांचे ३ टक्केच होतात. तेव्हा तो जादा भाव नव्हे, उधारीचे व्याज आहे, आणि दुरुस्तीची गरज नाही. बाहेरच्यांनाही तेवढीच उधारी मिळत असेल तर मात्र २४ लाखांची दुरुस्ती करावी लागेल. त्यांच्या विक्रीची बिले आणि पैसे जमा झाल्याच्या तारखा शेजारी ठेवून एका दिवसात हे ठरते. मी पुढचा हिशेब दुरुस्ती नाही असे धरून करतो.

आता कर्ज. मावसभावाचे सीए उद्या म्हणतील, करोत्तर नफा कशाला, एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, धरा. आणि तिथे वाटा पुन्हा ४० टक्के निघेल. ते कसे ते पाहा. दुरुस्त नफ्यावरचा कर परत मिळवला तर करपूर्व नफा तुमचा ६.४० कोटी, त्यांचा ३.२० कोटी. तुमचे व्याज २० लाख आणि घसारा ९० लाख. त्यांचे व्याज ९० लाख आणि घसाराही ९० लाख. एबिटडा तुमचा ७.५० कोटी, त्यांचा ५ कोटी. बरोबर ६० आणि ४०.

आकडे खरे आहेत, पण त्यातून ४० टक्के मालकी निघत नाही. एबिटडा व्याजाच्या आधीचा असतो, त्यावर बँकेचाही हक्क असतो. त्यावरून जी किंमत निघते ती भागधारक आणि बँक या दोघांची मिळून. म्हणून एबिटडाच्या वाट्याने धंद्याची किंमत वाटायची, मग ज्याचे कर्ज त्याने वजा करायचे, आणि उरलेल्या रकमांवरून मालकी काढायची. त्यांचे कर्ज १० कोटी, तुमचे २ कोटी. धंद्याची किंमत एबिटडाच्या सहापट धरली तर तुमची ४५ कोटी, कर्ज जाऊन ४३. त्यांची ३० कोटी, कर्ज जाऊन २०. ६३ कोटींतले २०, म्हणजे ३१.७ टक्के. पाचपट धरली तर २९.७ टक्के येतात, आठपट धरली तर ३४.१. पट जितकी कमी, तितके कर्ज जड होते. करोत्तर नफ्यावरून आलेले ३३.३ टक्के या पट्ट्यात बसतात, थोडे वरच्या अंगाला. कारण मघाचे गृहीतक: त्यांच्या कर्जाखालच्या नफ्यातल्या रुपयाला आपण तुमच्या रुपयाइतकाच भाव दिला. मंदीच्या वर्षात त्यांचा नफा तुमच्यापेक्षा वेगाने खाली येईल, कारण ९० लाख व्याज काही केल्या द्यावेच लागते. या कारणाने ३२ टक्क्यांपर्यंत बोलणी खाली नेणे रास्त आहे. त्याखाली जाण्याचा मी आग्रह धरणार नाही, कारण सावलीच्या कारखान्याच्या विक्रीची वाढ तिन्ही वर्षांत तुमच्यापेक्षा जास्त दिसते.

एकाच वर्षाचा नफा धरू नका, एवढे मात्र सांगतो. गेली तीन वर्षे याच पद्धतीने दुरुस्त करून वाटा कसा सरकत आला ते पाहा. त्यांचा वाटा दर वर्षी वाढत असेल तर शेवटच्या वर्षाला अधिक वजन द्या. एका मोठ्या ऑर्डरमुळे तो उसळला असेल तर सरासरी धरा.

या पद्धतीची एक ठळक मर्यादा आहे: जी मालमत्ता कमावत नाही तिला ती शून्य किंमत देते. कंपनीच्या नावावर मोकळा प्लॉट असेल तर तो वेगळा मोजून दोन्ही बाजूंच्या किमतीत मिळवावा लागतो. आणि एखाद्या बाजूला तोटा असेल तर नफ्याचा वाटा काढून चालतच नाही. टाटांची टॉमको हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली तेव्हा टॉमकोच्या १५ शेअरना लिव्हरचे २ असा रेशो होता आणि तो कमाई, मालमत्ता आणि बाजारभाव या तिन्ही पद्धती एकत्र करून काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. तुमच्या कंपन्या शेअर बाजारात सूचीबद्ध नाहीत, बाजारभाव नाही. तरी व्हॅल्युअर कमाईबरोबर मालमत्तेचा हिशेब करून पाहीलच, त्याने तो करावा.

आता मालकी, आणि हा भाग तुम्ही विचारलेला नाही. तुमच्याकडे आज ८ लाख शेअर आहेत, भावाकडे २ लाख. १ ला २ या रेशोने एकूण १५ लाख झाले की तुमचे ५३.३ टक्के, भावाचे १३.३, मावसभावाचे ३३.३. ३ ला ८ ने गेलात तर तुमचे ४८ टक्के, भावाचे १२, मावसभावाचे ४०. म्हणजे साधे बहुमत तुमच्या हातून जाते, आणि भाऊ ज्याच्या बाजूने उभा राहील त्याची कंपनी होते. तुम्ही एकटे बहुमतात राहायचे असेल तर एकूण शेअर १६ लाखांच्या आत राहिले पाहिजेत, म्हणजे नवे शेअर ६ लाखांच्या आत, मावसभावाचा वाटा साडेसदतीस टक्क्यांच्या आत. ही रेषा मनात ठेवा, पण तिच्यासाठी रेशो वाकवू नका. रेशो नफ्यावरून ठरवा आणि कारभाराचा हक्क भागधारक करारात वेगळा लिहून घ्या.

दुसरी रेषा २५ टक्क्यांची. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मते लागतात. मावसभाऊ २८.५७ वर असो, ३३ वर असो की ४० वर, कंपनीच्या नियमावलीतल्या दुरुस्तीसारखा कोणताही विशेष ठराव तो एकटा अडवू शकतो. तुम्ही दोघे भाऊ मिळून ६६.७ टक्केच आहात. याचा अर्थ २८ आणि ३३ यांतल्या फरकाने त्याचा नकाराधिकार बदलत नाही, फक्त लाभांश बदलतो. बोलणी करताना हे दोघांनाही ठाऊक असेल तर ताण बराच उतरतो.

१ ला २ या रेशोचा एक व्यवहारी फायदा: अपूर्णांक उरत नाहीत. ३ ला ८ मध्ये ज्याच्याकडे ३ ने भाग न जाणारे शेअर असतील त्याच्या तुकड्यांची सोय स्कीममध्ये लिहावी लागते. अधिकृत भांडवलही पाहून घ्या. तुमचे १ कोटीचे आहे आणि ते पूर्ण भरलेले आहे. १५ लाख शेअरना दीड कोटी लागेल. त्यांचे २५ लाखांचे अधिकृत भांडवल स्कीममधून तुमच्यात मिळवता येते, उरलेले २५ लाख वाढवावे लागतील.

शेवटी, ज्यावरून मी सर्वांत जास्त भांडणे पाहिली ती गोष्ट. नफ्याच्या वाट्यावर काढलेला रेशो कंपनीत रोकड किती उरली हे बघत नाही. आज रेशो ठरला आणि स्कीम राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, अहमदाबाद खंडपीठातून मंजूर होईपर्यंत मध्ये बरेच महिने गेले, तर त्या काळात कोणीही लाभांश काढू शकतो, संचालकाचे कर्ज फेडून घेऊ शकतो किंवा पगार वाढवू शकतो, आणि रेशो तसाच राहतो. मावसभावाने मध्ये २ कोटी लाभांश घेतला तर तेवढे कर्ज वाढते आणि वरच्या सहापटीच्या हिशेबात त्याचे २० कोटी १८ होतात, वाटा ३१.७ वरून २९.५ वर यायला हवा. शेअर मात्र पूर्ण ५ लाख मिळतात. हे तुम्हालाही तितकेच लागू आहे. म्हणून रेशो ज्या तारखेच्या ताळेबंदावर ठरतो ती तारीख करारात लिहा, त्यानंतर दोन्हीकडे लाभांश, नवे शेअर आणि संचालकांना दिलेल्या रकमा एकमेकांच्या लेखी संमतीशिवाय बंद ठेवा, आणि संमतीने काही काढलेच तर दुसऱ्या बाजूला त्याच प्रमाणात काढता येईल असे कलम घाला: त्यांनी १ रुपया काढला तर तुम्ही २.